५५ इंची टीव्ही घेताना: एक हॉल, चार पर्याय आणि न लागणारे २४० हर्ट्झ

नाशिकच्या मावसभावाला टीव्ही घ्यायचा होता आणि बजेट ५० हजार होतं. दुकानात त्याने चार संच निवडून ठेवले, फोटो पाठवले आणि वर लिहिलं, "दादा, यातला कुठला? पोरगा म्हणतो हर्ट्झ जास्त पाहिजेत." चारही ५५ इंची आणि ४के, किमती मात्र ४१ हजारांपासून ६१ हजारांपर्यंत. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण फरक ब्रँडचा नव्हता.

| | पॅनल | खरा रिफ्रेश रेट | खोक्यावरची जाहिरात | दुकानातला भाव |
|---|---|---|---|---|
| अ | आयपीएस | ६० | एचडीआर, डॉल्बी | ४१,००० |
| ब | व्हीए | ६० | एचडीआर | ४२,५०० |
| क | व्हीए, क्वांटम डॉट | ६० | "क्यूएलईडी", "मोशन २४०", एचडीआर | ५०,००० |
| ड | व्हीए, क्वांटम डॉट, मागून विभागवार प्रकाश | १२० | "१२० हर्ट्झ", एचडीआर | ६१,००० |

मी आधी त्याला टेप घेऊन बसवलं. सोफ्यापासून भिंत ९ फूट, म्हणजे २७४ सेंमी. सिनेमा पाहताना पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापावा असा एक जुना हिशोब आहे. सोपं करायचं तर कर्णाच्या १.६ पट अंतरावर बसावं. ५५ इंचाला ते अंतर सव्वासात फूट होतं आणि ६५ इंचाला पावणेनऊ. म्हणजे ९ फुटांवरून खरा हक्क ६५ इंचांचा आहे. त्याच दुकानात साधा व्हीए ६५ इंची ५८ हजारांना होता. इथे इंच फसवतात. ५५ वरून ६५ म्हणजे दहाच इंच वाटतात, पण पडद्याचं क्षेत्रफळ ४० टक्क्यांनी वाढतं. भावही जवळपास तेवढाच वाढत होता, म्हणजे प्रत्येक चौरस इंचाला ६५ काही महाग नव्हता. मोकळी भिंत असेल तर ड ऐवजी साधा ६५ इंची घ्या, असं मी कुणालाही सांगेन.

पण त्याच्याकडे सुताराने बसवलेलं शोकेस आहे. त्यातला टीव्हीचा कप्पा ४ फूट ३ इंच रुंद, म्हणजे १२९ सेंमीच्या आसपास. ५५ इंची संचाचा पडदा १२२ सेंमी रुंद असतो, ६५ चा १४४. शोकेस तोडायला वहिनी तयार नव्हत्या. विषय संपला, ५५ पक्का. ८के चा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा: ५५ इंचांवर ४के चे ठिपके इतके बारीक असतात की सामान्य नजरेला ते वेगळे दिसायला साधारण साडेतीन फुटांवर जावं लागतं. ९ फुटांवरून ४के चीही पूर्ण किंमत वसूल होत नाही, तिथे ८के कशाला?

आता पॅनल. एलसीडी टीव्हीत मागे पांढरा किंवा निळा दिवा आणि पुढे तो अडवणारी काच, म्हणजे पॅनल, असते. क्यूएलईडी म्हणजेही हेच, फक्त दिव्यापुढे क्वांटम डॉटचा एक थर जास्त. फरक पडतो तो काच प्रकाश किती घट्ट अडवते यावर. आयपीएस पॅनलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण, साधारण १०००:१ असतो. व्हीएचा ३००० ते ६०००:१. दिवे मालवून रात्रीचा सीन लावला की आयपीएसवरचा काळोख धुरकट राखाडी दिसतो आणि व्हीएवर तो काळा वाटतो. पण व्हीएला कोनाचं वावडं आहे. बाजूला २५-३० अंश सरकलात की रंग फिके, धुवून काढल्यासारखे होतात. आयपीएस बाजूनेही रंग सांभाळतो.

त्यामुळे अ आणि ब यांतला दीड हजारांचा फरक हा पैशांचा प्रश्नच नाही, बसण्याचा आहे. मावशीची आरामखुर्ची खिडकीपाशी, टीव्हीला जवळपास ५० अंशांत. ती दुपारी पडदे उघडे ठेवून मालिका बघते. भरदुपारी काळा किती गडद याला काही अर्थ नसतो, खोलीतलाच उजेड काचेवर पडत असतो. तिच्यासाठी अ बरा. रात्री साडेदहानंतर दिवे मालवून सिनेमा बघणारे भाऊ आणि त्याचा मुलगा, दोघंही समोरच्या सोफ्यावर. त्यांच्यासाठी ब. दोन्ही एकाच संचात देणारा तिसरा पर्याय ओएलईडी. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा म्हणजे खरोखर बंद, आणि कोनाचाही त्रास नाही. पण त्याच दुकानात तो लाखाच्या पुढे होता, आणि या घरात सकाळपासून बातम्यांचं चॅनल लागतं. खालची पळती पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो रोज तासन्‌तास एकाच जागी राहिले की ओएलईडीवर त्यांचा ठसा कायमचा उमटू शकतो. तो बाद.

पोराच्या हर्ट्झकडे येऊ. रिफ्रेश रेट म्हणजे पॅनल सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतं. टेबलमधला क हा संच "२४०" म्हणून विकला जात होता. तपशिलाच्या पानावर त्याच्या रिफ्रेश रेटसमोर मुकाट्याने ६० लिहिलेलं होतं. २४० हा कंपनीने स्वतः ठरवलेला आकडा. मधल्या चौकटी सॉफ्टवेअरने बनवणं, मागचा दिवा चमकवणं असं सगळं एकत्र मोजून तो येतो. मोशन, रेट, इंडेक्स असला कुठलाही शब्द हर्ट्झच्या आजूबाजूला दिसला की तपशिलात "नेटिव्ह" किंवा "पॅनल" रिफ्रेश रेट शोधायचा. आणखी एक चलाखी आहे. काही ६० हर्ट्झ पॅनल १२० वर धावतात, पण तेव्हा उभ्या दिशेच्या निम्म्याच ओळी वेगळ्या रंगवतात. त्याला डीएलजी म्हणतात. २१६० ऐवजी १०८० ओळी मिळतात. म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न "१२० आहे का?" असा नाही, "पूर्ण ४के मध्ये १२० आहे का, आणि कुठल्या एचडीएमआय पोर्टवर?" असा आहे.

आणि मुळात १२० खऱ्या अर्थाने कुणाला लागतात? क्रिकेट डीटीएचवर सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चौकटींनीच येतं, पॅनल १२० चं असलं म्हणून चेंडूच्या जास्तीच्या चौकटी कुठून आणणार? टीव्हीने त्या मनाने भरल्या तर बॅटच्या कडेभोवती चित्र फाटल्यासारखं दिसतं. सिनेमा २४ चौकटींचा असतो. ६० मध्ये २४ बसत नाहीत, म्हणून एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. कॅमेरा हळू फिरताना हलके हिसके जाणवतात ते त्यामुळे. १२० मध्ये प्रत्येक चौकट पाचदा, सरळ हिशोब. फायदा खरा आहे, पण बारीक. पूर्ण फायदा होतो तो प्लेस्टेशन ५ सारखा कन्सोल असेल आणि टीव्हीचं पोर्ट एचडीएमआय २.१ असेल तर. भावाकडे कन्सोल नव्हता. पोराला विचारलं तर म्हणाला, "घेणार आहे ना काका, बारावीनंतर." पोरगा नववीत आहे.

मग ड साठी ब पेक्षा साडेअठरा हजार जास्त कशाचे? माझ्या मते तिथे १२० ही नुसती खूण आहे, खरा माल विभागवार प्रकाशाचा. साध्या संचात मागचा दिवा सगळ्या पडद्याला सारखाच कमी-जास्त होतो. ड मध्ये तो लहान लहान विभागांत वेगळा मंद होतो. त्यामुळे काळ्या आकाशात चंद्र उजळ राहतो आणि आकाश काळं राहतं. एचडीआर म्हणजे एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप काळे भाग दाखवणं, त्याला हेच लागतं. एचडीआर सिनेमे बहुधा १००० निट्सच्या उजेडासाठी बनवलेले असतात. स्वस्त संच ३०० च्या आसपास थांबतो. तो एचडीआर "वाचतो", पण दाखवू शकत नाही, उलट कधी कधी चित्र आणखी अंधारं होतं आणि लोक म्हणतात टीव्ही बिघडला. खोक्यावरचा एचडीआरचा शिक्का चारही संचांवर होता, त्याची किंमत मी शून्य धरली. डॉल्बी ॲटमॉस म्हणजे आवाज वरूनही येतो असा दावा, त्याचीही तशीच. खाली तोंड करून बसवलेल्या २० वॉटच्या स्पीकरमधून आवाज छतावरून कसा येणार?

तर माझा निकाल असा. रोज रात्री अंधारात सिनेमे बघणाऱ्याने, किंवा घरात कन्सोल असणाऱ्याने, ड घ्यावा आणि त्यासाठी थोडं थांबावं. बाकीच्यांनी अ किंवा ब, बसायची जागा बघून. क मात्र कुणीच घेऊ नये. ब पेक्षा साडेसात हजार जास्त, आणि त्यात नवीन काय तर क्वांटम डॉट. रंग गडद होतात हे खरं, पण मालिका, बातम्या, डीटीएचवरचं क्रिकेट या सगळ्यांत तेवढे रंग मुळात नसतातच. उरतात ते २४०, आणि तेही नाहीत.

त्याला एक पेन ड्राइव्ह दिला, दोन चित्रं टाकून. एक पूर्ण काळं, मधोमध छोटा पांढरा चौकोन. दुसरं नुसतं मध्यम राखाडी. दुकानात संच झगमगीत शोरूम मोडवर असतो, तो सिनेमा मोडवर आणायला सांगायचं. काळं चित्र लावून पडद्याला दोन्ही हातांची ओंजळ लावून आत बघायचं, कारण दुकानातले दिवे सगळे संच काळेच दाखवतात. मग पाच पावलं बाजूला सरकून चित्र फिकं होतं का ते बघायचं. पॅनल कुठलं हे तपशिलात बऱ्याचदा नसतंच, आणि एकाच मॉडेलच्या ५० इंचीत एक नि ५५ इंचीत दुसरं असू शकतं, म्हणून घ्यायच्या मापाचाच संच तपासायचा. फोनची मॅक्रो लेन्स असेल तर पांढऱ्या भागाचा जवळून फोटो काढा. ठिपके बाणाच्या टोकासारखे वाकडे दिसले तर बहुधा आयपीएस.

किमतीबद्दल एक सांगायचं राहिलं. विक्रेता "पूर्वीची किंमत" म्हणून खोडलेला आकडा दाखवत होता. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. कंपनीने काहीही न सोडता त्यामुळेच किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. त्याआधीच्या किमतीशी तुलना करून मिळालेली सूट ही सूट नव्हे.

शेवटी ब आला. मावशीची खुर्ची खिडकीपासून चार फूट आत सरकवली. दोन दिवस कुरकुर झाली, आता उजेड डोळ्यावर येत नाही म्हणते. बसवायला आलेला मुलगा सही मागत होता, तेव्हा भावाने त्याला थांबवून राखाडी चित्र लावलं. पडद्यावर उभे मळकट पट्टे असतील तर ते याच चित्रात दिसतात, आणि नंतर क्रिकेटचा कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरला की कायम डोळ्यात खुपतात. उजवीकडे एक पुसट पट्टा होता. फोटो काढून त्याच दिवशी तक्रार टाकली, आठवड्यात संच बदलून मिळाला.