परिचयातला धागा: कामाचा की माणसांचा?

स्वतःचा परिचय लिहिताना मावसबहीण अडली होती. आधी पतपेढीत रोखपाल, मग खानावळ, आता रक्तपेढीत नोंदणी. चार ओळींत हे जोडायचं कसं?

माणसांचा धागा, म्हणजे कुणासाठी काम केलं ते, पटकन सुचतो, पण "लोकांची सेवा" कुणाच्याही नावाखाली खपते, म्हणजे तो धागाच नव्हे. कामाच्या धाग्याला एक संध्याकाळ लागते: प्रत्येक नोकरीतला एक दिवस क्रियापदांत लिहायचा. तिच्या तिन्ही कागदांवर "जुळवलं" आलं. रोकड, डबे, रक्ताच्या पिशव्या. ओळ झाली: "आवक-जावक शेवटच्या नगापर्यंत जुळवते." न बसणारी नोकरी ओढूनताणून बसवू नये, गाळावी.

अर्जासाठी कामाचा धागा घ्या. ज्यांच्यासाठी काम केलं तो गट खरंच एकच असेल, समजा सगळीकडे ऊसतोड कामगारच, तर संस्थेच्या पत्रकात माणसांचा शोभतो.