रील्सवाला की मोठ्या व्हिडिओवाला?

माझा मामेभाऊ दहावीत आहे, मोठेपणी काय होणार विचारलं की सरळ 'क्रिएटर' म्हणतो. पण त्यातले दोन रस्ते, युट्युबवर रील्ससारखे छोटे शॉर्ट्स करणं आणि मोठे व्हिडिओ करणं, किती वेगळे आहेत हे एकदा हिशोब मांडूनच बघा.

युट्युबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला आधी 1,000 सबस्क्रायबर लागतात, ते दोन्हीकडे सेम. मग मोठे व्हिडिओ करणाऱ्याला 12 महिन्यांत 4,000 तास वॉचटाइम हवा, म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं, आणि प्रत्येकाने सरासरी 4 मिनिटं बघितलं तर 60 हजार व्ह्यूज झाले की काम झालं. शॉर्ट्सवाल्याला 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज, म्हणजे रोजचे लाखाच्या वर! शॉर्ट्स फीडमधले व्ह्यूज त्या 4,000 तासांत धरतच नाहीत, आणि हे पोरांना सगळ्यात उशिरा कळतं.

वाटाही कमी, मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के मिळतात, शॉर्ट्सला 45, तेही सगळ्यांच्या एकत्र पूलमधून वाटून आलेले.

पण भाऊ रोज बघतो शॉर्ट्सच, त्यामुळे त्याला तेच सोपं वाटतं, मोबाईल उचलला की झालं. मोठ्या व्हिडिओला स्क्रिप्ट, आवाज, एडिटिंग, वैताग असतो, पण चॅनल नाही चालला तरी एडिटिंग हातात राहतं आणि लग्नाच्या शूटिंगवाल्याकडेही त्यावर काम मिळतं. बाकी 18 पूर्ण होईपर्यंत पेमेंटचं अकाउंट आईबाबांचंच लागणार, ते मामाला अजून सांगितलेलं नाहीये त्याने.