पहिल्या उत्तराची मुदत कोणी मोजावी: झेंडेस्क, जिरा की स्वतःची क्वेरी?

ग्राहकाशी केलेल्या करारात ‘पहिले उत्तर दोन तासांत’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती मुदत मोजणे आणि ती उलटल्यावर संबंधितांना आपोआप कळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मोजणीत बहुतेक साधने सारखीच उतरतात. निवड करताना खरा फरक पडतो तो दुसऱ्या कामात.

मुदत उलटते त्या क्षणी तिकिटावर काहीच घडत नाही. कोणी उत्तर लिहीत नाही, स्थिती बदलत नाही, म्हणून बदल झाल्यावरच जागे होणारे नियम त्या वेळी गप्प राहतात. त्यासाठी घड्याळाकडे पाहणारी यंत्रणा लागते, आणि ती किती वेळाने पाहते हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारायला हवा.

झेंडेस्कमध्ये ट्रिगर तिकीट तयार झाल्यावर किंवा बदलल्यावर चालतात, तर वेळेवर आधारलेली ऑटोमेशन्स तासातून एकदा चालतात. `Hours until next SLA breach` ही अट वापरून आगाऊ इशारा देता येतो. आठ तासांची मुदत असेल तर तेवढे पुरते. मात्र मुदत अर्ध्या तासाची असेल, तर तिकीट येऊन त्याची मुदत उलटेपर्यंत ऑटोमेशनची एकही फेरी न होण्याची शक्यता जवळपास निम्मी असते, आणि तशा वेळी इशारा मिळतो तो उशीर झाल्यानंतरच. शिवाय तिकिटाला प्राधान्य दिलेले नसेल तर झेंडेस्कची मुदत त्याला लागूच होत नाही. अशी तिकिटे उल्लंघनाच्या अहवालात दिसत नाहीत आणि टक्केवारी उगाच चांगली दिसते, म्हणून तिकीट तयार होतानाच प्राधान्य भरणारा ट्रिगर आधी लिहावा.

जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये `SLA threshold breached` हा ऑटोमेशनचा ट्रिगर खुद्द मुदतीच्या घड्याळाला जोडलेला असतो आणि मुदतीच्या आधी किंवा नंतर ठरावीक अंतरावर चालवता येतो. मुदत मिनिटांत असलेल्या करारांसाठी मी हाच पर्याय सुचवेन. घड्याळ केव्हा सुरू व्हावे, थांबून राहावे आणि संपावे या अटी आपण ठरवतो, आणि चूक होते ती तिथेच: स्वयंचलित पोच एजंटच्या खात्यातून सार्वजनिक टिप्पणी म्हणून जात असेल, तर ती पहिले उत्तर ठरून घड्याळ थांबू शकते. तपासणी सोपी आहे. बहुसंख्य तिकिटांची पहिल्या उत्तराची वेळ काही सेकंदांची दिसली, तर उत्तर माणसाने दिलेले नाही हे ओळखावे.

तिसरा पर्याय म्हणजे तिकिटांच्या डेटाबेसवर स्वतःची क्वेरी दर पाच मिनिटांनी चालवणे. यात कामाचे तास आणि सुट्ट्या यांची जबाबदारी पूर्णपणे आपली असते. पुण्यातील एका कार्यालयाची वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९:३० ते संध्याकाळी ६:३० अशी धरू. शुक्रवारी, २३ जानेवारी २०२६ रोजी संध्याकाळी ५:४० वाजता तिकीट आले, तर दोन तासांपैकी पन्नास मिनिटे त्याच दिवशी संपतात. सोमवारी प्रजासत्ताक दिन असल्यामुळे उरलेली सत्तर मिनिटे मंगळवारी सुरू होतात आणि मुदत मंगळवारी १०:४० वाजता येते. साधी वजाबाकी करणारी क्वेरी हेच तिकीट शुक्रवारी संध्याकाळी ७:४० वाजताच उशिराचे ठरवेल. गणेश चतुर्थी किंवा दिवाळीसारख्या तारीख बदलणाऱ्या सुट्ट्या तर तिन्ही पर्यायांत दरवर्षी नव्याने भराव्या लागतात.

अशी काढलेली वेळ `due_at` या रकान्यात साठवली की क्वेरी छोटी राहते:

```sql
SELECT id FROM tickets
WHERE breach_sent_at IS NULL
  AND due_at < COALESCE(first_reply_at, now());
```

येथे अनेकजण ‘अजून उत्तर नाही’ एवढीच अट लिहितात. मग १०:४० ची मुदत असताना १०:४२ ला उत्तर गेले आणि क्वेरी १०:४५ ला चालली, तर ते उल्लंघन कायमचे निसटते. याउलट केवळ उत्तर दिलेल्या तिकिटांवरून सरासरी काढली, तर ज्यांना कधीच उत्तर मिळाले नाही ती तिकिटे, म्हणजे सर्वांत वाईट प्रकरणे, हिशेबाबाहेर राहतात. वरील अट दोन्ही पकडते. सूचना पाठवल्यावर `breach_sent_at` भरला नाही, तर मात्र तीच सूचना दर पाच मिनिटांनी जात राहते आणि दोन दिवसांत लोक ती वाचणे सोडून देतात.

माझा निर्णय असा: मुदती काही तासांच्या असतील आणि सर्व तिकिटे झेंडेस्कमध्येच येत असतील, तर बाहेरचे काही उभारू नये. मुदती मिनिटांच्या असतील तर जिरा घ्यावे. तिकिटे एकाहून अधिक प्रणालींत विखुरलेली असतील, किंवा प्रत्येक ग्राहकाच्या करारातील वेळा इतक्या वेगळ्या असतील की तयार साधनात त्या बसत नाहीत, तरच स्वतःची क्वेरी लिहावी. तसे केल्यास रोज सकाळी उल्लंघने शून्य असली तरी अहवाल पाठवावा, कारण एरवी क्रॉन बंद पडला आहे की सगळी उत्तरे वेळेत गेली आहेत, हे बाहेरून सारखेच दिसते.