a आणि b वरून क्रांतिक तापमान आणि दाब: विकलनाची वाट घ्यावी की तिहेरी मुळाची?

बीएस्सीच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न हमखास असतो: व्हॅन डर वाल्स समीकरणातले a आणि b दिले आहेत, वायूचे क्रांतिक तापमान आणि क्रांतिक दाब काढा. उत्तराला जाणाऱ्या वाटा दोन आहेत. काही शिक्षक पहिली शिकवतात, काही दुसरी, आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात म्हणून "कुठलीही घ्या" असे सांगून विषय संपवला जातो. माझे मत तसे नाही. कोणती राशी विचारली आहे आणि समोर कोणते समीकरण आहे, यावर वाट ठरवावी. चुकीची निवडली तर पानभर बीजगणित वाढते, आणि एका समीकरणाच्या बाबतीत तर दुसरी वाट चालतच नाही.

समीकरण एका मोलसाठी असे:

P = RT/(V − b) − a/V²

तापमान स्थिर धरून P आणि V चा आलेख काढला, तर क्रांतिक तापमानाच्या खाली वक्राला एक खड्डा आणि एक उंचवटा दिसतो. तापमान वाढवत नेले की खड्डा आणि उंचवटा जवळ येतात आणि एका तापमानाला एकमेकांत मिसळतात. तोच क्रांतिक बिंदू. दोन्ही वाटा या एकाच घटनेकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात.

विकलनाची वाट म्हणते, तिथे वक्राची स्पर्शिका आडवी आहे आणि वळणाची दिशाही तिथेच बदलते. म्हणजे T स्थिर ठेवून V च्या संदर्भात पहिले आणि दुसरे विकलज दोन्ही शून्य:

RT/(V − b)² = 2a/V³
2RT/(V − b)³ = 6a/V⁴

इथे बरेच जण पहिल्यातून T काढून दुसऱ्यात घालतात आणि अपूर्णांकांत अडकतात. त्याऐवजी पहिल्याला दुसऱ्याने भागावे. RT आणि a दोन्ही एकदम उडतात, उरते (V − b)/2 = V/3, म्हणजे V = 3b. हे पहिल्या समीकरणात ठेवले की RT = 8a/27b. दाब मात्र अजून कुठेच आलेला नाही, कारण विकलन करताना P ला शून्य मिळाले. तो काढायला V आणि T घेऊन मूळ समीकरणाकडे परत जावे लागते, आणि मग मिळते P = a/27b².

तिहेरी मुळाची वाट बीजगणिताची आहे. समीकरण V मध्ये उलगडून P ने भागले की त्रिघाती समीकरण मिळते:

V³ − (b + RT/P)V² + (a/P)V − ab/P = 0

क्रांतिक तापमानाखाली ठरावीक दाबांच्या पट्ट्यात याला तीन वास्तव मुळे असतात. क्रांतिक बिंदूवर ती तिन्ही एक होतात, म्हणून डावी बाजू (V − Vc)³ असली पाहिजे. तिचा विस्तार V³ − 3Vc V² + 3Vc² V − Vc³ असा आहे. सहगुणक जुळवा:

3Vc = b + RTc/Pc
3Vc² = a/Pc
Vc³ = ab/Pc

तिसऱ्याला दुसऱ्याने भागले की Vc = 3b. लगेच दुसऱ्यातून Pc = a/27b². तापमान आणि R यांना अजून हातही लावलेला नाही. शेवटी पहिल्यातून RTc/Pc = 8b आणि त्यातून Tc.

निवडीचा पहिला निकष यातूनच मिळतो. विकलनाच्या वाटेवर तापमान आधी येते आणि दाब शेवटी, तिहेरी मुळाच्या वाटेवर नेमके उलटे. फक्त क्रांतिक दाब विचारला असेल तर तिहेरी मूळ निम्म्या श्रमात देते. फक्त तापमान हवे असेल तर विकलन, कारण मूळ समीकरणाकडे परतायची गरजच पडत नाही. दोन्ही हवे असतील तर माझा कल तिहेरी मुळाकडे आहे, कारण त्यात घातांकांची आणि चिन्हांची चूक व्हायला जागा कमी असते. एक सापळा मात्र आहे: V³ चा सहगुणक १ केल्याशिवाय, म्हणजे आधी P ने भागल्याशिवाय, सहगुणक जुळवू नयेत. न भागता जुळवले तर 3Vc = Pb + RT असे काहीतरी येते. डावीकडे आकारमान आणि उजवीकडे ऊर्जेची एकके, ही विसंगती दिसली की चूक कुठे झाली ते कळते.

आता आकडे घालून पाहू. कार्बन डायऑक्साइडसाठी कोष्टकात a = ३.६४० लिटर²·बार/मोल² आणि b = ०.०४२६७ लिटर/मोल असतात. R घ्यायचा ०.०८३१४५ लिटर·बार/(मोल·केल्विन).

Pc = 3.640 / (27 × 0.04267²) = 74.0 bar
Tc = (8 × 3.640) / (27 × 0.083145 × 0.04267) = 304.0 K

मोजलेले आकडे ७३.८ बार आणि ३०४.१ केल्विन, म्हणजे साधारण ३१ अंश सेल्सिअस. एकदम चपखल.

इथली सर्वांत जास्त भेटणारी चूक R ची आहे. a बारमध्ये दिलेला असताना सवयीने R = ०.०८२०६ घेतला, जो वातावरण दाबाच्या एककातला आहे, तर तापमान ३०८ केल्विन येते. चार अंशांनी चुकलेले उत्तर दिसायला अगदी ठीक वाटते, म्हणून ते सुटून जाते. दाबात R नाहीच, तेव्हा तिथे आकडा बिघडत नाही. फक्त ७४ बारला ७४ वातावरण म्हटले जाते. दुसरी काळजी b ची. दाबात तो वर्गात आहे, म्हणून b एक टक्का चुकला तर तापमान एक टक्क्याने हलते, पण दाब दोन टक्क्यांनी.

उत्तर इतके चपखल आले म्हणून समीकरण खरे ठरले, असे मात्र कृपया समजू नका. पाठ्यपुस्तकांतले a आणि b बहुधा मोजलेल्या Tc आणि Pc वरूनच, हीच सूत्रे उलटी फिरवून काढलेले असतात. जे आत घातले तेच बाहेर आले. खरी परीक्षा आकारमानाची आहे, कारण ते आत घातलेले नव्हते. समीकरण म्हणते Vc = 3b = ०.१२८ लिटर. मोजलेले आकारमान ०.०९४ लिटर. एक तृतीयांशाहून अधिक फरक! PcVc/RTc हे गुणोत्तर समीकरणाप्रमाणे प्रत्येक वायूसाठी ३/८, म्हणजे ०.३७५ हवे. कार्बन डायऑक्साइडसाठी ते ०.२७ आहे, पाण्यासाठी ०.२३, हेलियमसाठीही ०.३० च्या आसपासच.

स्वतः व्हॅन डर वाल्सची १८७३ च्या प्रबंधातली कसोटी अधिक प्रामाणिक होती. त्याने वायूवरच्या आधीच्या मोजमापांवरून a आणि b काढले आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास मिळवले. थॉमस अँड्र्यूजने बेलफास्टमध्ये प्रत्यक्ष मोजलेले तापमान ३०.९२ अंश होते. दोनच स्थिरांकांवरून इतके जवळ जाणे मला आजही थक्क करते.

वाटांमधला खरा फरक दिसतो तो समीकरण बदलल्यावर. स्थिरांक दोनच असलेली आणखी दोन समीकरणे अभ्यासात येतात, आणि ती उलट बाजूंना कौल देतात.

रेडलिख-क्वाँग समीकरण घ्या:

P = RT/(V − b) − a/(√T · V(V + b))

याचे दोनदा विकलन करून पाहा. V(V + b) मुळे राशी अशी पसरते की आवरणे कठीण. पण समीकरण V मध्ये त्रिघातीच आहे. उलगडून सहगुणक जुळवले की V² चा सहगुणक थेट 3Vc = RTc/Pc देतो, म्हणजे गुणोत्तर १/३, एका ओळीत. उरलेल्या दोन सहगुणकांतून a काढून टाकला की

Vc³ − 3bVc² − 3b²Vc − b³ = 0

मिळते. दोन्ही बाजूंना Vc³ मिळवला की हेच 2Vc³ = (Vc + b)³ होते, आणि त्यातून Vc = b/(∛2 − 1), म्हणजे b च्या सुमारे ३.८५ पट. कार्बन डायऑक्साइडसाठी आकारमान ०.११४ लिटर येते: व्हॅन डर वाल्सपेक्षा बरे, पण अजूनही जास्तच.

डायटेरिसी समीकरण याच्या उलट आहे:

P = RT/(V − b) · e^(−a/RTV)

इथे घातांकी पद आहे, त्यामुळे V मध्ये बहुपदी बनतच नाही. तिहेरी मुळाची वाट बंद. विकलनच करायचे, पण P चे नाही, ln P चे. क्रांतिक बिंदूवर P चे दोन्ही विकलज शून्य असतील तर ln P चेही असतातच, आणि हिशेब फार सोपा होतो:

1/(V − b) = a/(RTV²)
1/(V − b)² = 2a/(RTV³)

दुसऱ्याला पहिल्याने भागा: 1/(V − b) = 2/V, म्हणून Vc = 2b. मग Tc = a/4Rb आणि Pc = a/(4e²b²). गुणोत्तर 2/e², म्हणजे ०.२७१. कार्बन डायऑक्साइडच्या ०.२७४ च्या अगदी शेजारी. या जवळिकीवर फार विसंबू नये: हे गुणोत्तरही सर्व वायूंसाठी एकच आहे, आणि पाणी किंवा हेलियम त्यात बसत नाहीत.

शेवटची एक खबरदारी, कारण ती दोन्ही वाटांना लागू आहे. a आणि b हे वायूचे असतात तसे समीकरणाचेही असतात. वरच्या कोष्टकातले व्हॅन डर वाल्सचे आकडे डायटेरिसीच्या सूत्रात घातले तर Tc सुमारे २५७ केल्विन येते, म्हणजे उणे १७ अंश सेल्सिअस. हे खरे असते तर कार्बन डायऑक्साइड खोलीच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव झाला नसता. प्रत्यक्षात २० अंशांना तो सुमारे ५७ बारला द्रव होतो आणि अग्निशामक नळकांड्यांत तसाच भरलेला असतो. डायटेरिसीसाठी b वेगळा काढावा लागतो, सुमारे ०.०४६४ लिटर, आणि a सुमारे ४.६९. तेव्हा गणितात स्थिरांक दिले असतील तर आधी ते कोणत्या समीकरणाचे आहेत ते पाहा, मग वाट निवडा: व्हॅन डर वाल्स आणि रेडलिख-क्वाँगसाठी तिहेरी मूळ, डायटेरिसीसाठी ln P चे विकलन, आणि व्हॅन डर वाल्समध्ये फक्त तापमानच हवे असेल तर साधे विकलन.