चुका मोजायच्या की निकष लावायचे? हिंदीभाषकाचा मराठी निबंध तपासताना

मराठी ही ज्यांची दुसरी भाषा आहे, अशा विद्यार्थ्यांचे अभ्यासपर निबंध तपासायचे असतील तर तुमच्यासमोर साधारण दोन वाटा असतात. एक, चुका मोजून प्रत्येकीचा अर्धा गुण कापणे. दुसरी, व्याकरण आणि सुसंगती यांना वेगवेगळे गुण ठेवून वर्णनात्मक निकषांनुसार श्रेणी देणे. दोन्ही मी वापरल्या आहेत. मोजणीत वेळ कमी जातो आणि विद्यार्थ्याने जाब विचारला तर तांबड्या खुणा दाखवता येतात, हे मान्य करायला हवे.

मला मोजणीचा कंटाळा आला तो एकाच गोष्टीने: सामान्यरूप. हिंदीत 'समाज में', 'रिपोर्ट में' म्हणताना नाम बदलत नाही. ती सवय घेऊन आलेला विद्यार्थी 'समाजमध्ये', 'अहवालमध्ये', 'कारणमुळे' असे लिहितो. विषयच समाजाचा असेल तर 'समाजमध्ये' निबंधभर येणार आणि प्रत्येक वेळी अर्धा गुण जाणार. न समजलेला नियम एकच, पण शिक्षा विषयाच्या शब्दसंख्येवर ठरते! त्यातून विद्यार्थी तो शब्दच टाळायला शिकतो.

समजा दोन निबंध आहेत आणि भाषेला 20 गुण. पहिल्यात सामान्यरूपाच्या नऊ आणि लिंगाच्या चार चुका आहेत, पण युक्तिवाद एका परिच्छेदातून दुसऱ्यात नीट उतरतो. मोजणीने त्याला साडेतेरा. दुसऱ्यात चुका तीनच, म्हणजे साडेअठरा. पण त्यातला मजकूर असा: 'शहरांत शाळांची संख्या वाढली. याउलट शिक्षकांची भरतीही वाढली. यामुळे हा प्रश्न गंभीर झाला.' एकेक वाक्य निर्दोष आहे. पण 'याउलट'च्या मागेपुढे विरोध नाही आणि 'हा प्रश्न' कोणता ते आधी कुठेच आलेले नाही. इथे तांबडी खूण करायला मोजणीला जागाच सापडत नाही. निकष लावले की पहिल्याला मी व्याकरणात 10 पैकी 6 आणि सुसंगतीत 8 देईन, दुसऱ्याला 9 आणि 4. दोघे जवळजवळ बरोबरीत येतात, आणि मला तरी ते वाचनाच्या अनुभवाला धरून वाटते.

मातृभाषेतून आलेली चूक म्हणून सरसकट माफी द्यावी, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्याच निबंधातली ही दोन वाक्ये पाहा: 'या अहवालात सर्वेक्षणाचा एक दोष सांगितला आहे. तो फक्त शहरांत केला गेला.' लेखकाला सर्वेक्षण म्हणायचे आहे. हिंदीत सर्वेक्षण पुल्लिंगी, शिवाय 'वह' लिंगानुसार बदलत नाही; मराठीत मात्र तो, ती, ते यांतून निवड करावी लागते. 'तो' लिहिल्यावर वाचक दोषाकडे किंवा अहवालाकडे जातो आणि अडखळून मागे येतो. तीच लिंगाची चूक 'सर्वेक्षण पूर्ण झाला' अशी आली असती तर कोणाचेच काही अडले नसते. मरीना बर्ट आणि कॅरोल किपार्स्की यांनी 1972 मध्ये एका घटकापुरती राहणारी चूक आणि सगळ्या वाक्याचा अर्थ ढासळवणारी चूक असा भेद मांडला होता. तोच भेद मी वाक्याबाहेर, संदर्भाच्या साखळीपर्यंत ताणतो.

म्हणून चूक कुठून आली हे मी विचारत नाही. नाव झाकलेल्या उत्तरपत्रिकेवरून मातृभाषा ओळखणे हा अंदाजच असतो, आणि सामान्यरूप चुकायला हिंदीच कारण असेल असेही नाही. मी एवढेच पाहतो: वाक्य पुन्हा वाचावे लागले का? नसेल, तर त्या प्रकारची चूक व्याकरणात एकदाच धरायची, पुढच्या वेळी नुसती अधोरेखित करायची. पुन्हा वाचावे लागले असेल, तर दर वेळी धरायची, पण एकाच रकान्यात. वरचा 'तो' मी सुसंगतीत मोजतो, व्याकरणात नाही; नाहीतर एका शब्दासाठी दोनदा गुण जातात. निकषांच्या पद्धतीत नकळत होणारा हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

या पद्धतीचा त्रासही आहे. 6 आणि 7 यांतली सीमा धूसर असते, त्यामुळे दोन परीक्षक असतील तर आधी तेच चार-पाच निबंध दोघांनी तपासून ताडून पाहावे लागतात. तेवढा वेळ नसेल, किंवा मुद्रितशोधनाचा वर्ग असेल जिथे प्रत्येक 'समाजमध्ये' पकडणे हेच काम आहे, तर मोजणी खुशाल वापरा. फक्त तिथेही 'त्या समाजमध्ये झाली बदल' यात चुका किती, एक की दोन, हे आधी ठरवून घ्या. मोजणाऱ्यांचे यावरही एकमत होईलच असे नाही.