व्हिडिओची लिंक देऊन सारांश मागणे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या गटात करवीर आणि राधानगरी तालुक्यातले ऊस उत्पादक आहेत. उसावरची तास-दीड तासाची व्याख्यानं यूट्यूबवर भरपूर आहेत, पण पाणी पाजून आल्यावर ती बघायला वेळ कुणाला असतो? म्हणून व्याख्यानांची एकेक पानाची टिपणं काढायचं काम मी एआय चॅटवर करते. गेल्या खोडव्याच्या हंगामापासून ते नियमित चाललंय. त्यातून जे ठाम सांगता येईल ते असं: व्याख्यानाचा मजकूर दिला तर काम उत्तम होतं, नुसती लिंक दिली तर बहुतेक वेळा होत नाही. आणि वाईट म्हणजे, झालं नाही हे नेहमी कळतंच असं नाही.

लिंक म्हणजे पत्ता. आपण ती ब्राउझरमध्ये उघडली की आधी पान येतं आणि त्यातला प्लेअर व्हिडिओचे तुकडे वेगळे मागवून आपल्याला दाखवतो. कॅप्शनही वेगळी मागवावी लागतात. काही चॅट साधनांना इंटरनेटवर जायची सोयच नसते, त्यांच्यासाठी लिंक ही नुसती अक्षरं. ज्यांना ती सोय असते त्यांच्याही हाती बऱ्याचदा पानाचा मजकूरच लागतो, म्हणजे शीर्षक, चॅनेलचं नाव आणि खालचं वर्णन. वक्ता काय बोलला ते त्या पानात नसतं. शिवाय माणसाऐवजी सर्व्हरवरून आलेली मागणी ओळखून व्हिडिओच्या साइट ती अडवतात. फेसबुकच्या बंद ग्रुपमधला व्हिडिओ किंवा परवानगी न दिलेली ड्राइव्हची फाइल तर लॉगिनशिवाय उघडतच नाही. आपल्या फोनवर ती उघडते कारण आपण तिथं आधीच आत असतो.

गटातले एक आप्पा मला म्हणाले, "लिंक दिलीया की, मग अजून काय पायजे त्याला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपण एकमेकांना लिंक पाठवतो तेव्हा समोरचा ती बघतो. इथं बघणारं कुणी असेलच असं नाही.

काही साधनं यूट्यूबचे व्हिडिओ खरोखर वाचतात. गूगलच्या जेमिनीला सार्वजनिक यूट्यूब व्हिडिओची लिंक चालते. पण साधन कुठलंही असलं तरी मी एक पडताळणी केल्याशिवाय सारांश पुढे पाठवत नाही. व्हिडिओच्या मधला कुठलाही एक मिनिट मी स्वतः ऐकते आणि त्या वेळेला वक्ता नेमकं काय म्हणाला ते चॅटला विचारते. शीर्षकावरून रचलेला सारांश इथं लगेच उघडा पडतो. त्यात मिनिटं नसतात, आकडे नसतात, 'संतुलित खतं वापरावीत', 'तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा' अशी कुठल्याही व्याख्यानाला चालतील अशी वाक्यं असतात.

एक उदाहरण सविस्तर सांगते. खोडव्यातल्या पाचट व्यवस्थापनावरचं साधारण तासाभराचं व्याख्यान होतं. नुसत्या लिंकवरून आलेल्या सारांशात पाचट जाळू नये, त्यानं सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते, असं सगळं होतं. यातलं काही चूक नव्हतं. पण शेतकऱ्याला हवं ते एकच वाक्य त्यात नव्हतं: पाचट कुजवायला त्यावर काय आणि किती टाकायचं.

मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॅप्शनचाच सलग मजकूर, घेतली. कॉम्प्युटरवर व्हिडिओखालचं वर्णन पूर्ण उघडलं की शेवटी `Show transcript` असं बटण असतं (मराठी मांडणीत ते मराठीत दिसतं). दाबलं की बाजूला बोललेला मजकूर वेळेसकट उघडतो. तो सगळा निवडून, कॉपी करून चॅटमध्ये चिकटवायचा. फोनच्या ॲपमध्ये तो वाचता येतो, पण कॉपी करायला कॉम्प्युटरच बरा. वेळेचे आकडे काढून टाकू नका, पुढं तेच कामाला येतात. तासाभराचं बोलणं म्हणजे काही हजार शब्द होतात. एका वेळी मावत नसतील तर दोन-तीन भाग करून द्या आणि सगळे भाग दिल्याशिवाय सारांश मागू नका.

सोबत मी हे लिहिते: "फक्त या मजकुरावरून सारांश लिही. प्रत्येक मुद्द्यापुढे वेळ दे. आकडा आला तर तो कशासाठी आहे, एकरी की टनाला, ते लिही. मजकुरात नसेल तर 'नाही' असं लिही."

आता आकडा आला: 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. पण त्यापुढे "कशासाठी ते मजकुरात स्पष्ट नाही" असंही आलं. वेळ दिलेली असल्यानं थेट तिथं जाऊन ऐकलं. वक्त्यानं 'एका टनाला' असं स्वच्छ म्हटलं होतं, आपोआप तयार झालेल्या कॅप्शननं तो शब्द बिघडवला होता. एवढ्याशा शब्दाचा फरक केवढा ते बघा. एकरी पाचट साधारण 4 टन धरलं तर 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो संवर्धन लागतं. कुणी तेच आकडे एकरी समजून टाकले तर पाव हिस्साच पडतो, पाचट नीट कुजत नाही आणि मग पाचट ठेवण्याच्या पद्धतीलाच नावं ठेवली जातात. म्हणून मात्रा, उसाच्या जातीचं नाव आणि दिवस या तीन गोष्टी मी व्हिडिओत ऐकूनच पक्क्या करते. 'को 86032' सारखं नाव कॅप्शनमध्ये धड येईल याचा भरवसा नसतो.

ट्रान्सक्रिप्टमध्ये न येणारी गोष्ट म्हणजे पडद्यावर दाखवलेलं. "हा तक्ता बघा" एवढंच मजकुरात येतं, तक्ता येत नाही. त्या जागी व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि मजकुरासोबत द्यायचा.

ज्या व्हिडिओला कॅप्शनच नसतात तिथं `Show transcript` दिसत नाही. आमच्या गटाच्या बैठकांची रेकॉर्डिंग तर माझ्याच फोनमध्ये असतात. त्यासाठी व्हिस्पर वापरते. ओपनएआयनं 2022 मध्ये खुलं केलेलं हे सॉफ्टवेअर बोलण्याचा मजकूर करतं आणि त्याला मराठी येतं. आधी ते आणि त्याला आवाजाची फाइल उघडून देणारं `ffmpeg` कॉम्प्युटरवर बसवून घ्यावं लागतं, मग एवढंच:

```
whisper baithak.mp3 --language Marathi --model medium
```

वेळेसकट मजकुराची फाइल तयार होते. साध्या लॅपटॉपवर वेळ बराच लागतो, मी रात्री लावून ठेवते. मध्ये शांतता किंवा पंख्याचा आवाज असला की कधी कधी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं सापडतं, ते भाग आधी काढून टाकते. दोघं-तिघं एकदम बोलायला लागले की कोण काय म्हणालं ते त्यातून कळत नाही. म्हणून बैठकीत आता फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवतो आणि प्रत्येकजण आधी आपलं नाव सांगतो.

रील आणि दोन-चार मिनिटांच्या व्हिडिओंसाठी मी यातलं काहीच करत नाही. ते ऐकून हातानं दोन ओळी लिहिणं लवकर होतं.