सूरसागरवरचं इंद्रधनुष्य: खऱ्या फोटोतून उचलावं की नव्यानं काढावं?

पावसाळ्यात बडोद्यात काढलेल्या निम्म्या फोटोंचं आभाळ राखाडी, सपाट येतं. त्यात इंद्रधनुष्य घालायचं तर दोन रस्ते आहेत. एक, कुठल्या तरी खऱ्या इंद्रधनुष्याचा फोटो घेऊन तो `Screen` मोडमध्ये वर ठेवायचा. दुसरा, फोटोशॉपमध्ये ग्रेडियंटनं धनुष्य स्वतः काढायचं. दोन्हींनी काम होतं. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण आधी एक अट दोघांनाही लागू आहे.

इंद्रधनुष्याचं केंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतं आणि त्याची त्रिज्या साधारण ४२ अंशांची. म्हणजे सूर्य जितका वर, तितकं धनुष्य खाली. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की सपाट जमिनीवरून बघणाऱ्याला धनुष्य दिसतच नाही. दुपारी एकचा फोटो असेल तर तिथेच थांबलेलं बरं. आभाळात ढगांआडून सूर्याचा उजळ डाग दिसत असेल तर त्या बाजूलाही धनुष्य नको. आणि पुढच्या वस्तूंच्या सावल्या दिसत असतील तर त्या सगळ्या धनुष्याच्या केंद्राच्या दिशेलाच पडायला हव्यात. कमानीचे रंग कितीही सुंदर असोत, सावली आडवी पडली की बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय हे जाणवतं, मग कारण सांगता येवो न येवो.

आता खऱ्या फोटोचा रस्ता. त्याच्या बाजूनं बोलायचं तर रंग आपोआप बरोबर येतात: तांबडा बाहेर, जांभळा आत, जांभळा जवळजवळ विरलेला, मधले पट्टे एकमेकांत मिसळलेले. पाऊस जिथे दाट तिथे कमान ठळक आणि जिथे विरळ तिथे पुसट, हा असमानपणा हातानं काढणं कठीण. मापही जुळवता येतं. दोन्ही फोटोंची फोकल लांबी पिक्सेलमध्ये काढायची (सेन्सर ३६ मिमी धरला तर मिलिमीटर भागिले ३६ गुणिले फोटोची रुंदी) आणि त्या गुणोत्तरानं लहानमोठं करायचं. डोळ्यांना बरं दिसेल तितकं ताणलं तर चूक होणारच.

पण या रस्त्याची एक कटकट आहे, आणि माझ्यापुरता निकाल तिनंच लावला. धनुष्य एकटं येत नाही, आपलं आभाळ घेऊन येतं.

`Screen` मध्ये काळं म्हणजे काहीच नाही. पण फोटोतलं आभाळ काळं नसतं, त्यामुळे ते आधी `Levels` नं काळ्यापर्यंत ओढावं लागतं. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. खऱ्या धनुष्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा उजळ असतं, कारण थेंबांतून परतणारा बराच प्रकाश ४२ अंशांच्या आतच येतो. समजा बाहेरच्या आभाळाची किंमत ११० आहे, आतल्याची १२५, आणि तांबड्याचा सर्वांत उजळ भाग जेमतेम १४५. काळा बिंदू ११० वर ठेवला तर आत १५ चा पांढुरका थर उरतो आणि उचललेल्या तुकड्याची सरळ कड आभाळात दिसू लागते. १२५ वर ठेवला तर कड जाते, पण तांबड्याची बाहेरची मऊ उतरणही कापली जाते आणि धनुष्याला कात्रीनं कापल्यासारखी धार येते. जांभळ्याचं तर जे काही चार-पाच अंक होतं, तेही जवळपास संपतं. जेपेगमधून उचललेलं असेल तर उरलेले वीसेक अंक ताणताना रंगांचे चौकोनी ठिपके उठतात ते वेगळेच. आत आणि बाहेर वेगवेगळा काळा बिंदू ठेवून मधे मास्कनं उतार देता येतो, होतंही छान, पण प्रत्येक फोटोला हे नव्यानं करावं लागतं.

म्हणून मी काढण्याच्या बाजूला झुकतो. तिथेही एक खोड आहे, मात्र ती एकदाच सोडवावी लागते.

नेहमीची पद्धत म्हणजे गोल ग्रेडियंट, ज्याच्या शेवटाला सात रंग. तयार मिळणाऱ्या इंद्रधनुष्य ग्रेडियंटमध्ये पट्टा फार जाड असतो आणि रंग शाळेच्या रंगपेटीतले. खरा पट्टा सुमारे २ अंश रुंद, त्रिज्या ४२ अंश, म्हणजे पट्टा त्रिज्येच्या ४ ते ५ टक्केच. मग स्वतः स्टॉप लावायला गेलं की `Location` फक्त पूर्ण टक्के घेतं. ९६, ९७, ९८, ९९, १०० या पाच जागांत काळ्यापासून काळ्यापर्यंतची सगळी उतरण बसवायची कशी? बसत नाही. म्हणूनच बहुतेकांची धनुष्यं जाड होतात.

उपाय असा की ग्रेडियंट त्रिज्येवर नाही, रेषेच्या जाडीवर पसरवायचा. `Ellipse` नं वर्तुळ काढा, लेयरचं `Fill` शून्य करा, `Stroke` इफेक्ट द्या, `Position` ला `Inside`, `Fill Type` ला `Gradient` आणि `Style` ला `Shape Burst`. आता शून्य ते शंभर टक्के हे सगळं अंतर पट्ट्याच्या रुंदीतच पडतं आणि स्टॉप हवे तितके सुटे ठेवता येतात. रंग उलटे आले तर `Reverse`.

एक उदाहरण पूर्ण मोजून बघू. बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या पश्चिम काठावरून पूर्वेकडे काढलेला फोटो, संध्याकाळ, सूर्यास्ताला साधारण दीड तास बाकी, म्हणजे सूर्य सुमारे २० अंश वर. २४ मिमी लेन्स, पूर्ण सेन्सर, ६००० बाय ४००० पिक्सेल. कॅमेरा सरळ धरलेला, क्षितिज बरोबर मध्यावर, सूर्य बरोबर पाठीमागे. फोकल लांबी झाली ४००० पिक्सेल.

कमानीचा माथा ४२ वजा २०, म्हणजे २२ अंशांवर. ४००० गुणिले २२ अंशांचा टॅन, म्हणजे क्षितिजाच्या १६१६ पिक्सेल वर. कमान क्षितिजाला टेकते ती मध्यापासून सुमारे ३७.७ अंशांवर, म्हणजे दोन्हीकडे ३०९६ पिक्सेलवर. फोटोची अर्धी रुंदी ३०००, त्यामुळे दोन्ही पाय चौकटीच्या जरासे बाहेर जातात, आणि ते तसेच जायला हवेत. दोन्ही पाय आत यावेत म्हणून कमान लहान करण्याचा मोह इथेच आवरायचा. माथा आणि दोन पाय या तीन बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या साधारण ३७७५ येते. थेट ४२ अंशांचा टॅन घेऊन ३६०० ची त्रिज्या काढली आणि केंद्र खाली २० अंशांवर ठेवलं तर माथा चौकटीबाहेर निघून जातो. अंशांची बेरीज-वजाबाकी पिक्सेलमध्ये चालत नाही, ती आधी करून मग टॅन घ्यायचा.

म्हणजे वर्तुळ ७५५० बाय ७५५०, `X` ला −७७५, `Y` ला ३८४. पट्ट्याची जाडी माथ्यापाशी १६० पिक्सेल. `Stroke` ची कमाल २५० आहे, त्यामुळे बसतं. दुसरं, उलट्या रंगांचं धनुष्य ५१ अंशांवर असतं. त्याचा माथा या फोटोत चौकटीच्या वर जातो, बाजूच्या दोन कोपऱ्यांत तुकडे येतील तेवढेच. ते न घातलं तरी कुणी विचारणार नाही.

ग्रेडियंट काळ्यापासून काळ्यापर्यंत ठेवावा, मग पारदर्शकतेचे वेगळे स्टॉप लागत नाहीत. बाहेरून आत: ० वर काळा, १८ वर तांबडा (१७०, ४०, २०), ३८ वर पिवळसर (१७०, १२०, २०), ५५ वर हिरवा (५०, १३०, ५०), ७२ वर निळा (३०, ७०, १४०), ८८ वर मंद जांभळा (६०, ३०, ९०), १०० वर काळा. हे आकडे माझ्या डोळ्यांना पटलेले आहेत, प्रयोगशाळेतले नाहीत. तांबडा थोडा रुंद आणि जांभळा फिका, एवढं मात्र पाळावं. मग लेयरला `Smart Object` करून मोड `Screen`, `Gaussian Blur` १५ ते २० पिक्सेल, आणि `Opacity` २५ ते ३५ टक्क्यांच्या आसपास. धनुष्य आभाळाला प्रकाश जोडतं, झाकत नाही. कुठल्याही पट्ट्यात मागचा ढग दिसेनासा झाला की समजावं, जास्त झालं. फाइल १६ बिटमध्ये असावी, आणि तरी पायऱ्या दिसल्या तर एक टक्का `Noise` पुरतो.

खऱ्या फोटोत जो आतला उजाळा कटकट ठरला, तोच इथे हातानं घालायचा असतो. त्याच वर्तुळाचा मास्क, कड जरा मऊ, आणि `Curves` नं आतलं आभाळ पाच-सहा अंक वर. एवढ्यानंच कमान आभाळात बसलेली दिसते, आणि हे विसरलं तर ती चिकटवलेली दिसते. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे क्षितिजाभोवती उलटी केलेली प्रत, निम्म्याहून कमी `Opacity` नं आणि लाटांपुरती धूसर करून. तलावातल्या शंकराच्या मूर्तीवरून आणि काठावरच्या इमारतींवरून मास्कनं कमान पूर्ण पुसायची, कारण पाऊस त्यांच्या मागे आहे. लांबच्या झाडांच्या रेषेवर मात्र दहा-पंधरा टक्के राहू द्यावी. मधे पाऊस असला तर खरं धनुष्यही त्यांच्या पुढे उतरतं.

आता फोटोच्या बाजूनं प्रामाणिकपणे एक गोष्ट. लक्ष्मी विलास राजवाड्याचा मनोरा २०० मिमी लेन्सनं टिपला असेल आणि त्यामागे धनुष्य हवं असेल, तर काढण्याचा हट्ट करू नये. फोकल लांबी तिथे सुमारे ३३,३०० पिक्सेल होते, त्रिज्या ३०,००० आणि पट्टा जवळपास ११६० पिक्सेल. `Stroke` तिथे पोचत नाही, कमान जवळजवळ सरळ रेषा असते, आणि एवढ्या मोठ्या पट्ट्यात पावसाचा असमानपणा नसेल तर तो रंगवलेल्या पाटीसारखा दिसतो. तिथे स्वतःच टिपलेला, रॉ फाइलमधला खऱ्या धनुष्याचा तुकडा घ्यावा, आत आणि बाहेर वेगळा काळा बिंदू ठेवण्याचे कष्ट एकदा सोसावेत, आणि तांबडी बाजू सूर्याच्या विरुद्ध बिंदूपासून लांब, बाहेरच्या अंगाला आली आहे ना, हे सेव्ह करण्याआधी पुन्हा बघून घ्यावं. तुकडा फिरवताना ती सहज उलटी होते.